वीस कोटींच्या प्री-मनीत शेअर कितीचा?

कंपनी दोघांनी मिळून काढलेली. विक्री आणि ग्राहक संस्थापिकेकडे, तंत्रज्ञान सहसंस्थापकाकडे, आपापसातली वाटणी ६०-४०. लहान कारखान्यांना यंत्रांच्या देखभालीचं वेळापत्रक सांभाळून देणारं सॉफ्टवेअर ते विकत होते. ग्राहक टिकत होते, पण नवे ग्राहक आणायला माणसं कमी पडत होती. बँकेत सात महिने पुरतील एवढे पैसे होते. अशा वेळी एका गुंतवणूक फंडाकडून पहिली टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, आली आणि मला आकडे तपासायला बोलावलं गेलं. कंपनीची ओळख पटू नये म्हणून इथे रकमा आणि शेअरची संख्या सोप्या पूर्णांकांत बसवल्या आहेत. वाटाघाटींचा क्रम मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.

टर्म शीटचा गाभा थोडक्यात असा होता: फंड ५ कोटी घालणार, पैसे येण्याआधीचं प्री-मनी मूल्यांकन २० कोटी, म्हणजे पैसे आल्यानंतरचं पोस्ट-मनी २५ कोटी. दोघांनी लगेच हिशेब मांडला. २५ पैकी ५ म्हणजे फंडाला २० टक्के, उरलेले ८० आपले, त्यात एकीचे ४८ आणि दुसऱ्याचे ३२. हा हिशेब करून त्यांनी ठरवलं होतं की प्री-मनी २४ कोटींपर्यंत ताणायचं, म्हणजे फंडाचा वाटा १७ टक्क्यांच्या आसपास येईल. सगळी तयारी त्या एका आकड्याची होती. कोणत्या स्पर्धक कंपनीला किती भाव मिळाला, उत्पन्नाच्या किती पट भाव चालतो, याची पानं भरली होती.

मूल्यांकनाच्या त्याच कलमात पुढे एक वाक्य होतं, ते दोघांनीही वाचलं होतं, पण त्याचे पैशात रूपांतर केलं नव्हतं. वाक्याचा अर्थ असा: हे २० कोटी 'फुली डायल्युटेड' धरायचे, त्यात आधीच्या सर्व परिवर्तनीय करारांतून निघणारे शेअर मोजायचे, आणि फेरी संपल्यावर कंपनीत १५ टक्के ऑप्शन पूल शिल्लक असेल एवढे नवे ऑप्शनही मोजायचे. ऑप्शन पूल म्हणजे कर्मचाऱ्यांना पुढे देण्यासाठी राखून ठेवलेले शेअर. फुली डायल्युटेड म्हणजे आज हातात असलेले शेअर आणि उद्या कुणाला द्यावे लागू शकतील असे सगळे शेअर, एकत्र. थोडक्यात, २० कोटींची वाटणी फक्त त्या दोघांत होणार नव्हती.

परिवर्तनीय करार त्यांच्याकडे एकच होता. दीड वर्षापूर्वी एका एंजल गुंतवणूकदाराने त्यांना सेफवर १ कोटी दिले होते. सेफ म्हणजे वाय कॉम्बिनेटरने २०१३ मध्ये आणलेला करार: पैसे आज घ्यायचे, शेअर पुढच्या मोठ्या फेरीत द्यायचे. २०१८ मध्ये त्याची पोस्ट-मनी आवृत्ती आली आणि यांचा करार त्याच पद्धतीचा होता, मूल्यांकनाची कमाल मर्यादा १० कोटी. १० कोटींच्या मर्यादेवर १ कोटी, म्हणजे नव्या फेरीचे पैसे येण्याच्या क्षणी त्या एंजलकडे १० टक्के कंपनी असणार. पैसे कधीच खर्च झाले होते आणि शेअर अजून छापले नव्हते, त्यामुळे कॅप टेबलच्या, म्हणजे कोणाकडे किती शेअर याच्या तक्त्याच्या, फाइलमध्ये अजून दोनच नावं होती. सेफ घेतलेल्या बहुतेक कंपन्यांत हेच दिसतं. ज्याला शेअर दिलेले नाहीत तो भागीदार वाटतच नाही.

आता खरा हिशेब. दोघा संस्थापकांकडे मिळून ९ लाख शेअर. सेफचे १ लाख होतील, म्हणजे जुनी मंडळी एकूण १० लाख शेअर. फेरीनंतर फंडाकडे २० टक्के, पूल १५ टक्के, म्हणून हे १० लाख शेअर उरलेले ६५ टक्के झाले. त्यातले साडेसहा टक्के एंजलचे, साडेअठ्ठावन्न टक्के संस्थापकांचे. संस्थापिकेच्या हाती ४८ नाही तर ३५.१ टक्के, सहसंस्थापकाच्या हाती ३२ नाही तर २३.४.

पैशात पाहिलं तर २५ कोटींच्या ६५ टक्के म्हणजे १६.२५ कोटी. १० लाख शेअरांची किंमत एवढीच, म्हणजे एक शेअर १६२.५० चा. टर्म शीटवर २० कोटी लिहिलं होतं, पण आज अस्तित्वात असलेल्या कंपनीला फंड १६.२५ कोटी मोजत होता. मधले पावणेचार कोटी म्हणजे रिकामा पूल: अजून न आलेल्या माणसांसाठी बाजूला काढलेले शेअर, आणि त्यांचा सगळा भार जुन्या भागधारकांवर.

यात फसवणूक काही नव्हती, हे मी दोघांना आधीच सांगितलं. पूल प्री-मनीत धरणं ही सर्रास चालणारी रीत आहे आणि फंडाचा युक्तिवादही समजण्यासारखा असतो: आम्ही घालतोय ते पैसे माणसं नेमायला आहेत, तर त्या माणसांना लागणारे शेअर आमचा वाटा कापून नकोत. प्रश्न रीतीचा नव्हता, आकाराचा होता. १५ टक्के हा आकडा कुठून आला?

सेफच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपासावी लागली. कुठल्या कर्मचाऱ्याला ऑप्शनचा शब्द आधीच दिला आहे का? पोस्ट-मनी सेफमध्ये एंजलचे १० टक्के मोजताना कबूल केलेले ऑप्शनही एकूण शेअरांत धरले जातात, त्यामुळे अशा शब्दांचा भार एंजलवर पडत नाही, पूर्णपणे संस्थापकांवर पडतो. फेरीच्या निमित्ताने होणारी पुलाची वाढ मात्र साधारणपणे त्यात धरत नाहीत, तिचा भार एंजलही उचलतो. इथे कुणाला शब्द दिलेला नव्हता, म्हणून वरचा हिशेब टिकला.

पहिल्या बैठकीआधी बराच वाद झाला तो २४ कोटी मागायचे की नाही यावर. माझं मत मागू नयेत असं होतं, आणि ते भिडेपोटी नव्हतं. अशा फंडाला पहिल्या फेरीत ठरावीक वाटा हवा असतो. थोड्याच कंपन्या मोठ्या होणार आणि त्यांतूनच सगळा परतावा यायचा, म्हणून प्रत्येकीत पुरेसा हिस्सा असायला हवा, असं त्यांचं गणित असतं. या फंडाच्या भागीदाराने पहिल्याच भेटीत २० टक्क्यांचा उल्लेख दोनदा केला होता. ५ कोटी आणि २० टक्के हे दोन्ही पक्के असतील तर प्री-मनी २० कोटीच निघतं, त्यावर घासाघीस म्हणजे त्यांच्या गुंतवणूक समितीच्या नियमाशी भांडण. शिवाय आज भाव फार चढवला तर पुढच्या फेरीत त्याहून वर जावं लागतं. नाही जमलं तर कमी भावाची फेरी येते आणि टर्म शीटमधलं अँटी-डायल्युशनचं कलम जागं होतं. मग फंडाला झळ कमी बसते आणि उरलेली सगळी संस्थापकांच्या वाट्याला येते.

म्हणून २० हा आकडा न हलवता शेअरचा भाव हलवायचा, असं ठरलं.

त्यासाठी संस्थापिकेने केलेलं काम मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं. पुढच्या १८ महिन्यांत कोणाला नेमायचं याची यादी त्यांनी स्वतः बसून केली, प्रत्येकापुढे महिना, पगार आणि फेरीनंतरच्या टक्क्यांत ऑप्शन. विक्रीप्रमुख दीड टक्का. अभियांत्रिकीतला दुसरा वरिष्ठ माणूस सव्वा. चार अभियंते प्रत्येकी ०.४, म्हणजे १.६. प्रॉडक्ट सांभाळणारी व्यक्ती पाऊण टक्का, ग्राहक सेवेचा प्रमुख ०.४. आणि सुरुवातीपासून असलेल्या दोन अभियंत्यांना, ज्यांना आजवर काहीच दिलेलं नव्हतं, पाऊण-पाऊण टक्का. बेरीज बरोबर ७ टक्के. ही यादी नेमणुकांच्या बजेटशी जुळत होती. ५ कोटींत याहून जास्त माणसं परवडणारच नव्हती, आणि हाच तिचा खरा जोर होता. ज्यांचे पगार देता येणार नाहीत त्यांच्यासाठी ऑप्शन कशाला राखून ठेवायचे?

बैठकीत त्यांनी यादी पुढे ठेवली आणि पूल ८.५ टक्के मागितला: यादीचे ७ आणि दीड टक्का हाताशी. फंडाचे भागीदार ती वाचत बसले. मग म्हणाले, "मॅडम, यात एक नाव नाही. दीड वर्षात तुम्हाला बाहेरून कुणीतरी वरच्या पदावर आणावं लागेल. कंपनी वाढली की तुम्हा दोघांना सगळं झेपणार नाही." हरकत रास्त होती. त्या पदासाठी २ टक्के धरले तर बेरीज ९ होते, हे संस्थापिकेने तिथल्या तिथे मान्य केलं.

तरीही उत्तर लगेच आलं नाही. दोन दिवसांनी फंडाकडून वेगळाच प्रस्ताव आला: प्री-मनी २२ कोटी करतो, पूल मात्र २० टक्के ठेवा, म्हणजे पुढच्या फेरीपर्यंत पुन्हा चर्चाच नको. सहसंस्थापक खूश झाले. दोन कोटींनी भाव वाढला होता, आणि फंडाचा वाटाही १८.५ टक्क्यांवर येत होता. बातमी द्यायची तर २० पेक्षा २२ चांगलंच दिसतं. तीन प्रस्ताव शेजारी ठेवल्यावर चित्र असं होतं:

| प्रस्ताव | फंड | पूल | एंजल | संस्थापक | शेअरचा भाव |
|---|---|---|---|---|---|
| २० कोटी, पूल १५ टक्के | २०.० | १५ | ६.५ | ५८.५ | १६२.५० |
| २२ कोटी, पूल २० टक्के | १८.५ | २० | ६.१ | ५५.३ | १६६.०० |
| २० कोटी, पूल १० टक्के | २०.० | १० | ७.० | ६३.० | १७५.०० |

मधल्या ओळीत प्री-मनी दोन कोटींनी वाढलं, शेअरचा भाव मात्र साडेतीनने. संस्थापकांचा वाटा तर मूळ प्रस्तावाहूनही तीन टक्क्यांनी खाली गेला. त्या २२ कोटींतले ५.४ कोटी रिकाम्या पुलाचे होते.

अशा वेळी टक्के पाहायचे की भाव, असं मला अनेकदा विचारतात. दोन्ही पाहावेत, पण वेगवेगळे प्रस्ताव एका मापाने मोजायचे तर शेअरचा भाव जास्त प्रामाणिक. कारण पूल कुणी कायमचा गिळून टाकत नाही. न वाटलेले ऑप्शन कंपनी विकली जाताना रद्द होतात आणि त्यांचा वाटा सगळ्या भागधारकांत पसरतो. म्हणजे संस्थापकांना त्यातलं काही परत मिळतं, पण फंडालाही मिळतं, आणि पूल तयार करताना फंडाने काही दिलेलं नसतं. १५ टक्के पूल पूर्ण रिकामा राहिला असता तर फंडाचे २० टक्के आपोआप २३.५ झाले असते. गरजेपेक्षा मोठा पूल संस्थापकांना नेमका किती महाग पडतो, ते एवढ्यावरून दिसतं. शेअरच्या भावात ही झळ पहिल्या दिवसापासून मोजलेली असते.

तिसऱ्या ओळीची ताकदही त्याच मापाने मोजता येते. १५ टक्के पूल तसाच ठेवून शेअरचा भाव १७५ करायचा असता तर प्री-मनी जवळपास साडेएकवीस कोटी मागावं लागलं असतं. तेवढा भाव समितीत कुणी मंजूर केला नसता, पण पूल १५ चा १० करायला कुणाचा नियम आडवा येत नव्हता.

संस्थापिकेने २२ कोटींचा प्रस्ताव नाकारला आणि फक्त एवढं कळवलं की यादी ९ टक्क्यांची आहे, वर १ टक्का हाताशी ठेवून १० मान्य आहे, प्री-मनी २० राहू द्या. पूल पोस्ट-मनीत धरावा, म्हणजे भार फंडानेही उचलावा, असंही त्यांनी एकदा विचारून पाहिलं. त्याला स्पष्ट नकार आला, तो त्यांनी ताणला नाही. १० टक्क्यांवर होकार मिळाला.

पण दुसरी एक गोष्ट बाकी होती, आणि ती वाट्याच्या तक्त्यात कधीच दिसत नाही. लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली गेल्यास आधी कुणाला किती मिळणार. टर्म शीटमध्ये एकपट आणि 'पार्टिसिपेटिंग' असं होतं. फंड आधी आपले ५ कोटी काढून घेणार, आणि मग उरलेल्या रकमेतही २० टक्के घेणार. नॉन-पार्टिसिपेटिंग असेल तर दोनांपैकी एकच निवडावं लागतं: एकतर ५ कोटी परत, नाहीतर २० टक्के वाटा.

समजा कंपनी ३० कोटींना विकली गेली. पार्टिसिपेटिंगमध्ये फंडाला ५ आणि उरलेल्या २५ चे २० टक्के म्हणजे आणखी ५, एकूण १० कोटी. नॉन-पार्टिसिपेटिंगमध्ये ३० चे २० टक्के, म्हणजे ६ कोटी. फरक ४ कोटींचा, आणि तो बाकीच्या भागधारकांच्या खिशातून जातो. विक्री २५ कोटींच्या वर कितीही रकमेला होवो, फरक ४ कोटींचाच राहतो. ३०० कोटींच्या विक्रीत तो जाणवणारही नाही. मधल्या आकाराच्या विक्रीत मात्र फंडाचा २० टक्के वाटा प्रत्यक्षात ३३ टक्के होऊन बसतो, आणि विकल्या जाणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या नशिबी बहुधा अशाच विक्री येतात. इथे पहिली फेरी म्हणून आणखी एक धोका होता. पहिल्याला जे दिलं ते पुढच्या फेरीतला गुंतवणूकदारही मागतो, आणि मग दोन थर आधी पैसे काढून घेतात.

फंडाने तडजोड सुचवली: पार्टिसिपेशनला दुप्पट रकमेची मर्यादा घालू, म्हणजे एकूण १० कोटींपेक्षा जास्त नाही. ऐकायला उदार वाटतं. पण ३० कोटींच्या विक्रीत फंडाला तसेही १० च मिळत होते, तेव्हा त्या मर्यादेने त्या आकड्याला काहीच फरक पडत नव्हता. तिचा उपयोग ३० कोटींच्या पुढे सुरू होतो आणि साधे २० टक्के घेणं फंडाला परवडू लागतं ते थेट ५० कोटींच्या पुढे. ३० ते ५० कोटींच्या पट्ट्यात फंडाला कुठल्याही किमतीला तेवढेच १० कोटी मिळणार, म्हणजे ३२ कोटींची ऑफर आली तर ती ४५ पर्यंत वाढवण्यात त्यांना काही रस उरत नाही. संस्थापिकेने बैठकीत पैशापेक्षा हाच मुद्दा मांडला: विक्रीच्या वेळी आपण दोघं एकाच बाजूला हवेत. त्यावर फंडाने साधं एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग मान्य केलं. बदल्यात पुढच्या फेरीत आपला वाटा टिकवण्याइतकी गुंतवणूक करण्याचा हक्क त्यांना मिळाला. तो तसाही बहुतेक फंड मागतात, आणि चांगला गुंतवणूकदार पुन्हा पैसे घालायला तयार असेल तर वाईट काहीच नाही.

बाकीची कलमं लवकर मिटली. फंडाला संस्थापकांच्या शेअरवर चार वर्षांचं व्हेस्टिंग, म्हणजे काम करत राहिल्यावर टप्प्याटप्प्याने शेअर हक्काचे होणं, नव्याने सुरू करायचं होतं. आधी केलेल्या दोन वर्षांच्या कामाचं श्रेय मोजून अर्धे शेअर मोकळे धरले गेले. संचालक मंडळात दोन संस्थापक आणि एक फंडाचा प्रतिनिधी.

घाईचा प्रश्न मात्र पूर्ण वेळ डोक्यावर होता. टर्म शीट बहुतांशी कायद्याने बांधील नसते, पण गोपनीयता आणि एक्सक्लुझिव्हिटी ही कलमं बांधतात. इथे सही केल्यापासून ४५ दिवस दुसऱ्या कुणाशी बोलायला मनाई होती. दुसऱ्या एका फंडाशी प्राथमिक बोलणं चालू होतं, त्यांच्याकडून टर्म शीट आली नव्हती. हे बोलणं चालू आहे एवढंच संस्थापकांनी खरं सांगितलं, त्यापुढे काही नाही. खोटी टर्म शीट हातात असल्याचा आव आणला असता तर पुढच्या तपासणीत तो उघडा पडला असता. पूल आणि प्रेफरन्स लेखी ठरेपर्यंत सही करायची नाही, एवढं पथ्य पाळलं, कारण सही झाल्यावर सात महिन्यांची शिल्लक घेऊन घासाघीस करणाऱ्याच्या हातात काही उरत नाही.

सहसंस्थापकांना एक शंका होती आणि तिला सरळ उत्तर द्यायला हवं. आत्ता पूल लहान ठेवला तर पुढच्या फेरीत तो भरावाच लागेल, मग वाचवलं काय? समजा १० टक्के पूर्ण वापरले गेले, आणि पुढच्या फेरीत नव्या गुंतवणूकदाराला २० आणि नव्या पुलाला ५ टक्के दिले. संस्थापकांचे ६३ टक्के ४७.२५ होतील. १५ टक्के पूल घेऊन त्यातले ५ शिल्लक राहिले असते, पुन्हा भरावा लागला नसता, तर ५८.५ चे ४६.८ झाले असते. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. तेव्हा लहान पुलाचा फायदा पूर्णच्या पूर्ण टिकेल असं कुणी समजू नये. पण पूल पुढे भरला तर त्याचा भार हा फंडही उचलतो. आणि भाव वाढलेला असेल तर तेवढाच माणूस कमी टक्क्यांत येतो. हा फायदा नेमणुका योजनेप्रमाणे झाल्या तर मिळतो. योजना कागदावरच राहिली तर अर्धा टक्का कोणाच्या बाजूने पडला, याला फारसा अर्थ उरत नाही.

सही झाली ती २० कोटी प्री-मनी, १० टक्के पूल, १७५ भावावर. माझ्या आग्रहाने फेरीनंतरचा पूर्ण तक्ता, शेअरच्या संख्या आणि भावासकट, टर्म शीटला जोडला होता. त्याचा उपयोग अंतिम करारांच्या वेळी झाला. मधल्या काळात विक्रीप्रमुख नेमला गेला आणि त्याला दीड टक्क्याचं पत्र दिलं. फंडाच्या वकिलांच्या मसुद्यात पुलाची व्याख्या 'फेरीनंतर न वाटलेले १० टक्के' अशी आली. म्हणजे विक्रीप्रमुखाचे दीड टक्के पुलाबाहेर मोजून वर पूर्ण १० टक्के नव्याने हवे होते. एकूण ११.५ टक्के, भाव १७१.२५. 'न वाटलेले' या दोन शब्दांमागे मुद्दाम काही होतं असं मला वाटत नाही, तयार नमुन्यातून उचललेला मजकूर असावा. संस्थापिकेने जोडलेल्या तक्त्यातली भावाची ओळ वकिलांना पाठवली, आणि व्याख्या बदलून आली: दिलेले आणि न दिलेले मिळून १० टक्के, शेअरचा भाव १७५.